लातूरच्या डाळ मिलचा दावा: दराचा वाद आणि ॲव्हरेजची कात्री

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका एकमालकी डाळ मिलचा, आगीनंतर बुडालेल्या नफ्याबद्दलचा हा दावा आहे. मालकांनी विमा कंपनीकडे ६१.१५ लाख रुपये मागितले आणि शेवटी त्यांच्या हातात ३१.७२ लाख रुपये पडले. या दोन आकड्यांमध्ये विमा कंपनीची चलाखी फारशी नव्हती. बहुतेक फरक आमच्याच हिशेबाचा होता. दाव्याची दुसरी मांडणी मी केली, म्हणून ती कशी झाली हे येथे क्रमाने लिहितो. मिलची ओळख लपवण्यासाठी वर्षे दिलेली नाहीत आणि रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून पूर्णांकांत आणल्या आहेत, परंतु त्यांचे आपसांतील प्रमाण मूळ प्रकरणासारखेच ठेवले आहे. यापुढील सर्व रकमा लाख रुपयांत आहेत.

१ फेब्रुवारीच्या पहाटे पॅनेल रूममध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली. प्रक्रिया विभागाचे पत्रे, धान्य वर चढवणारे दोन एलिव्हेटर आणि रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारे सॉर्टेक्स मशीन जळाले. तुरीचे गोदाम भिंतीपलीकडे असल्यामुळे वाचले. लातूरच्या बाजारात नव्या तुरीची आवक भरात असते ते हेच दिवस. खरेदीसाठी हात मोकळे ठेवलेल्या गिरणीदाराची गिरणी नेमकी तेव्हाच बंद पडली, आणि याच कारणाने या दाव्यात महिन्यांचा हिशेब फार महत्त्वाचा ठरला.

मालकांकडे दोन पॉलिसी होत्या. पहिली नेहमीची फायर पॉलिसी, जिच्यातून इमारत आणि यंत्रे यांची भरपाई मिळते. दुसरी लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी, म्हणजे परिणामी नुकसानीचा विमा. तिची विमा रक्कम १३२ आणि हानिपूर्तीचा कमाल कालावधी, म्हणजे आगीनंतर नफ्याची भरपाई जास्तीत जास्त जितका काळ मिळते तो, सहा महिने होता. दुसरी पॉलिसी पहिलीच्या खांद्यावर उभी असते. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा फायर पॉलिसीखाली मान्य झाला, किंवा निदान विमा कंपनीने त्याची जबाबदारी स्वीकारली, तरच नफ्याच्या दाव्याला दार उघडते. येथे तो प्रश्न आला नाही, कारण आगीचे कारण स्पष्ट होते आणि नुकसान मोजणारा फायर पॉलिसीचा सर्वेअर दोन दिवसांत येऊन गेला होता.

मालकांच्या हिशेबनिसाने केलेला पहिला दावा सरळ होता. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत विक्री किती कमी झाली ते काढायचे, तिला नफा-तोटा पत्रकातील ढोबळ नफ्याच्या टक्केवारीने गुणायचे आणि बाहेरच्या मिलकडून डाळ भरडून घेण्याचा खर्च त्यात मिळवायचा. मागील आर्थिक वर्षाची विक्री २,००० आणि व्यापार खात्यातील ढोबळ नफा २१० होता, म्हणजे दर १०.५ टक्के. विक्रीतील तूट ४७० धरून ४९.३५ आले, त्यात ११.८० मिळवून ६१.१५. हिशेबाच्या पुस्तकांच्या दृष्टीने यात एकही आकडा चुकीचा नव्हता. चुकीचा होता तो शब्द.

विम्याच्या पॉलिसीतील ढोबळ नफा आणि व्यापार खात्यातील ढोबळ नफा यांचे नाव एक असले तरी ते वेगळे आहेत. पॉलिसीची व्याख्या खालून वर चढते: धंद्याचा निव्वळ नफा घ्यायचा आणि त्यात पॉलिसीत नोंदवलेले स्थायी खर्च मिळवायचे. यामागचा विचार समजला की पुढचे सगळे सोपे जाते. गिरणी बंद पडल्यावर तूर विकत घ्यावी लागत नाही, बारदाना लागत नाही, दलाली आणि माल पोहोचवण्याचे भाडे लागत नाही. हे सगळे विक्रीबरोबर आपोआप थांबते. थांबत नाही ते कायम कर्मचाऱ्यांचे पगार, मुदत कर्जाचे व्याज, जागेचे भाडे, वीज वापरली नाही तरी भरावा लागणारा महावितरणचा डिमांड चार्ज आणि विम्याचे हप्ते. गिरणी चालू असती तर विक्रीतून हे खर्च भागून वर निव्वळ नफा उरला असता. विमा भरून देतो ते एवढेच. व्यापार खात्यातील २१० मध्ये दलाली, बारदाना आणि बाहेर जाणाऱ्या मालाचे भाडे असे विक्रीबरोबर हलणारे ५० दडलेले होते, आणि ते मागण्याचा अधिकार मालकांना नव्हता.

मागील आर्थिक वर्षाच्या पुस्तकांत निव्वळ नफा ६६ दिसत होता. त्यातील ६ हे रिकामे गोदाम भाड्याने दिल्याचे उत्पन्न आणि मुदत ठेवीवरील व्याज होते. डाळ भरडण्याशी त्यांचा संबंध नव्हता आणि आगीने ते थांबलेही नव्हते, म्हणून निव्वळ नफा ६० धरला. पॉलिसीच्या परिशिष्टात नोंदवलेले स्थायी खर्च पुढीलप्रमाणे भरले: पगार ३८, मुदत कर्जाचे व्याज २७, गोदामाचे व वाळवणीच्या जागेचे भाडे १४, डिमांड चार्ज ६ आणि विमा व परवाने मिळून ५; एकूण ९०. विजेच्या बिलातील युनिटचा आकार मुद्दाम बाहेर ठेवला, कारण मशीन बंद तर युनिट बंद. एकाच बिलाचे असे दोन तुकडे करावे लागतात आणि ते न केल्यास सर्वेअर करतोच. घसारा १० होता. तोही स्थायी खर्चच, पण हप्ता कमी बसावा म्हणून पॉलिसी घेताना तो यादीतून वगळलेला होता, तेव्हा तो विमा नसलेला स्थायी खर्च ठरला. म्हणजे पॉलिसीच्या अर्थाने ढोबळ नफा ६० अधिक ९०, एकूण १५०, आणि २,००० विक्रीवर दर ७.५ टक्के. १०.५ टक्क्यांचा आग्रह तेथेच संपला. मालकांनी तो फारशी कटकट न करता सोडला, कारण पहिल्या दिवसापासून त्यांचे लक्ष विक्रीच्या तुटीवर होते.

तूट काढण्यासाठी आधी प्रमाण उलाढाल ठरवावी लागते. प्रमाण उलाढाल म्हणजे आगीच्या लगेच आधीच्या बारा महिन्यांतील, हानिपूर्तीच्या कालावधीशी जुळणाऱ्या महिन्यांची विक्री. येथे कालावधी १ फेब्रुवारी ते ३१ मे असल्याने आदल्या वर्षीचा १ फेब्रुवारी ते ३१ मे घेतला. वर्षाची सरासरी काढून चारने गुणण्याचा मोह होतो, आणि हंगामी धंद्यात तोच घातक असतो. या मिलची आदल्या वर्षीची फेब्रुवारीची विक्री २१०, मार्चची २३०, एप्रिलची १९० आणि मेची १५० होती, एकूण ७८०. सरासरीने गेलो असतो तर चार महिन्यांचे ६६७ च्या आसपास आले असते आणि शंभराहून अधिक लाखांची तूट कागदावरूनच नाहीशी झाली असती. मार्चअखेर बाजार समितीचे व्यवहार काही दिवस बंद राहतात, ते वजा करावेत असा मुद्दा सर्वेअरने एकदा काढला होता. पण ती बंदी दरवर्षीचीच आणि आदल्या वर्षीच्या मार्चमध्येही होती, म्हणजे २३० मध्ये ती आधीच वजा झालेली आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

हानिपूर्तीचा कालावधी कधी संपतो, यावरही गैरसमज असतो. नवे सॉर्टेक्स मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले होते, तेव्हा तेथेच कालावधी संपवावा असे कंपनीच्या कार्यालयातून सुचवण्यात आले. पॉलिसीचे शब्द तसे नाहीत. आगीच्या दिवसापासून, कमाल मर्यादेच्या आत, नुकसानीमुळे धंद्याच्या निकालावर परिणाम होत राहील तोपर्यंत कालावधी चालतो. मशीन सुरू होणे आणि विक्री पूर्ववत होणे यांत अंतर असते. गेलेले गिऱ्हाईक लगेच परतत नाही, शिवाय नव्या मशीनची जोडणी लागेपर्यंत डाळीत काळा दाणा राहतो आणि व्यापारी माल परत पाठवतो. मेची विक्री अजूनही नेहमीपेक्षा कमी होती, जूनची विक्री अपेक्षेइतकी झाली. म्हणून कालावधी ३१ मे रोजी संपवला. भांडवल नसल्याने मालकांनी दुरुस्ती रखडवली असती तर मात्र तो उशीर कंपनीच्या माथी मारता आला नसता.

प्रत्यक्ष विक्रीतही एक बारकावा आहे. चार महिन्यांत मिलने ३८८ ची विक्री केली. आगीत वाचलेला तयार डाळीचा साठा विकून ३८ आले, उदगीरच्या एका मिलकडून जॉब वर्कने डाळ भरडून घेऊन २४० ची विक्री झाली आणि मेमध्ये स्वतःची गिरणी अर्धवट सुरू झाल्यावर ११०. उदगीरची डाळ आपल्या गिरणीत झालेली नाही, तेव्हा ती विक्री आपली धरू नये असे मालकांचे म्हणणे होते. परंतु विमा उतरवलेल्या जागेबाहेर, पण त्याच धंद्याच्या फायद्यासाठी केलेली विक्रीही उलाढालीत मोजायची, अशी अट पॉलिसीत असते. ती विक्री मोजली म्हणून तूट कमी होते, आणि ती विक्री टिकवण्यासाठी झालेला जादा खर्च वेगळ्या मथळ्याखाली मागता येतो. दोन्ही बाजू बरोबरच चालतात.

आता या प्रकरणातील मुख्य वाद. आदल्या वर्षीचे ७८० जसेच्या तसे धरायचे, की धंदा वाढत होता म्हणून ते वाढवून धरायचे? पॉलिसीत विशेष परिस्थितीचे कलम असते. धंद्याचा कल आणि आगीशिवायही घडलेले बदल लक्षात घेऊन आकडे जुळवायचे, जेणेकरून आग लागली नसती तर जे झाले असते त्याच्या शक्य तितके जवळ जाता येईल, असा त्याचा अर्थ. आगीच्या आधीच्या एप्रिल ते जानेवारी या दहा महिन्यांत मिलची विक्री १,७१६ होती. त्याआधीच्या वर्षी त्याच दहा महिन्यांची १,५६०. बरोबर १० टक्के वाढ. म्हणून प्रमाण उलाढाल ७८० वरून ८५८ केली आणि तूट ८५८ वजा ३८८, म्हणजे ४७० आली. सर्वेअरने याला हरकत घेतली नाही.

हरकत त्यांनी दुसरीकडे घेतली. मिलच्या ऑफिसात टेबलावर काट्याच्या पावत्यांचे गठ्ठे पसरले होते, आगीच्या धुराचा वास अजून कागदांना होता आणि बऱ्याच पावत्यांच्या कडा फायर ब्रिगेडच्या पाण्याने फुगल्या होत्या. सर्वेअरने बिलांची फाइल बाजूला सारली आणि विचारले, “शेठजी, रुपयांत दहा टक्के वाढ दिसते. क्विंटलमध्ये किती?”

मालक म्हणाले, “साहेब, क्विंटलचं काय घेऊन बसलात? उलाढाल वाढली म्हणजे नफाही तेवढाच वाढला की.”

“तेच तर बघायचं आहे,” सर्वेअर म्हणाले आणि त्यांनी पावत्या महिन्यावार लावायला घेतल्या.

दोन दिवस लागले. आधीच्या वर्षी दहा महिन्यांत १५,६०० क्विंटल डाळ गेली होती, म्हणजे सरासरी भाव १०,००० रुपये. चालू वर्षी १५,९१२ क्विंटल गेली. वजनात वाढ फक्त २ टक्के आणि सरासरी भाव सुमारे १०,७८४ रुपये. विक्रीतील दहा टक्क्यांपैकी जवळजवळ आठ टक्के भावाची फुगवटी होती. डाळ गिरणीच्या धंद्यात तूर महाग झाली की डाळही महाग होते, पण गिरणीदाराला क्विंटलमागे सुटणारे पैसे त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्याची कमाई भावातून नव्हे, भरडण्यातून येते. मागील वर्षी पॉलिसीच्या अर्थाने ढोबळ नफा क्विंटलमागे ७५० रुपये पडत होता. चालू वर्षाच्या दहा महिन्यांची खाती त्याच पद्धतीने मांडल्यावर ढोबळ नफा १२०.१२ आला, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ७५५ रुपये. रुपयांतील विक्रीवर मात्र हा दर ७ टक्केच बसत होता.

विशेष परिस्थितीचे कलम प्रमाण उलाढालीइतकेच ढोबळ नफ्याच्या दरालाही लागू असते, ही गोष्ट दावा मांडणाऱ्याच्या नजरेतून वारंवार सुटते. मीही पहिल्या मसुद्यात ती सोडली होती. भावामुळे उलाढाल वर घ्यायची आणि त्याच भावामुळे खाली आलेला दर मात्र जुनाच ठेवायचा, हे एका हाताने घेऊन दुसरा हात झाकण्यासारखे आहे. सर्वेअरचे म्हणणे होते की उलाढाल ८५८ मान्य, पण दर ७ टक्के. मालकांना ७.५ टक्केच हवा होता आणि ते त्यासाठी भांडायला तयार होते; अर्ध्या टक्क्याने ४७० वर २.३५ लाखांचा फरक पडत होता आणि वकिलाला भेटण्याचीही बोलणी झाली होती.

या भांडणात पडण्याआधी मी त्यांना एका तासाची मुदत मागितली, कारण विमा रक्कम पुरेशी नव्हती आणि ॲव्हरेज, म्हणजे विमा जितका अपुरा त्या प्रमाणात दाव्यातली कपात, लागणार हे मला दिसत होते.

तत्पूर्वी जादा खर्चाचा हिशेब. मालकांनी उदगीरच्या मिलची मजुरी ७.८०, वाहतूक २.६० आणि तेथे ठेवलेला देखरेखीचा माणूस व तात्पुरते गोदाम यांचे १.४०, असे ११.८० मागितले होते. पण ती डाळ लातूरला भरडली असती तर विजेचे युनिट आणि भरडाईची रोजंदारी लागलीच असती, ते २.८० वाचले. म्हणून मजुरीतील खरा जादा भाग ५ आणि एकूण जादा खर्च ९. पॉलिसी हा खर्च तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्यापर्यंतच देते. पहिला आकडा प्रत्यक्ष जादा खर्च, म्हणजे ९. दुसरा, या खर्चामुळे टिकलेल्या विक्रीवरील ढोबळ नफा. २४० च्या ७ टक्के म्हणजे १६.८०. एक रुपया वाचवायला दोन रुपये खर्च केले तर दुसरा रुपया विमा देत नाही, एवढाच या मर्यादेचा अर्थ. तिसरा आकडा विमा नसलेल्या स्थायी खर्चामुळे येतो. टिकलेल्या विक्रीतून घसाऱ्याचाही वाटा भागतो, मग त्या वाट्यापुरता खर्च कंपनीने का द्यावा? म्हणून ९ ला, वार्षिक उलाढालीवरील ढोबळ नफा भागिले तो ढोबळ नफा अधिक १०, या प्रमाणाने गुणायचे. वार्षिक उलाढाल म्हणजे आगीआधीच्या बारा महिन्यांची २,१५६. तीही त्याच कलाने १० टक्के वाढवून २,३७१.६०. तिच्यावर ७ टक्के दराने ढोबळ नफा १६६.०१. गुणाकार केल्यावर ८.४९ येतात, आणि तोच सर्वांत लहान आकडा.

बंद काळात वाचलेले स्थायी खर्चही वजा जातात, पण विमा उतरवलेल्या यादीतलेच. डिमांड कमी करून घेतल्याने ०.६० वाचले आणि वाळवणीच्या जागेच्या मालकाने तीन महिन्यांचे भाडे न घेतल्याने ०.९०, एकूण १.५०. भाडे माफ करणे हा शेजारधर्म होता, तो कंपनीच्या पदरात का घालावा, असे मालकांना वाटले. त्यांच्या वाटण्यात तथ्य असले तरी पॉलिसीला शेजारधर्म समजत नाही.

आता ॲव्हरेज. विमा रक्कम किमान वार्षिक उलाढालीवरील ढोबळ नफ्याइतकी असावी लागते. ती कमी असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो. हानिपूर्तीचा कमाल कालावधी सहा महिने असला तरी तुलना वर्षभराच्या ढोबळ नफ्याशीच होते. सहा महिन्यांची पॉलिसी म्हणून निम्मी रक्कम चालेल, असा समज असलेले लोक मी पाहिले आहेत. या मिलची विमा रक्कम १३२ होती, जी दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकांवरून ठरवली आणि नंतर दरवर्षी तशीच पुढे ओढली गेली. हवी होती १६६.०१. मालकांच्या दराने हिशेब केला तर हवी होती १७७.८७. दोन्ही दरांनी पूर्ण दावा शेजारी शेजारी मांडला तेव्हा जे दिसले ते असे होते.

| | दर ७.५ टक्के | दर ७ टक्के |
|---|---|---|
| तूट ४७० वरील ढोबळ नफा | ३५.२५ | ३२.९० |
| जादा खर्च | ८.५२ | ८.४९ |
| वाचलेले स्थायी खर्च | −१.५० | −१.५० |
| ॲव्हरेजपूर्वी | ४२.२७ | ३९.८९ |
| हवी असलेली विमा रक्कम | १७७.८७ | १६६.०१ |
| असलेल्या रकमेचे प्रमाण | ७४.२१ टक्के | ७९.५१ टक्के |
| देय | ३१.३७ | ३१.७२ |

मालकांनी कागद दोनदा फिरवून पाहिला. ज्या दरासाठी ते कोर्टात जायला निघाले होते, त्या दराने त्यांना पस्तीस हजार रुपये कमी मिळत होते.

कारण गणिताच्या पोटात आहे. तुटीवरील दाव्यात दर वरच्या बाजूला येतो आणि ॲव्हरेजच्या भागाकारात तोच दर खाली येतो. दोघे एकमेकांना खातात. उरते ते एवढेच: तूट ४७० भागिले वार्षिक उलाढाल २,३७१.६०, गुणिले विमा रक्कम १३२, म्हणजे २६.१६. दर साडेसात घ्या, सात घ्या किंवा सहा घ्या, विमा रक्कम अपुरी आहे तोपर्यंत हा भाग २६.१६ च राहतो. जादा खर्चाचा भाग दरावर जवळजवळ अवलंबून नसतो, पण ॲव्हरेजची कात्री त्यालाही लागते, आणि दर जितका मोठा तितकी कात्री खोल जाते. म्हणून अपुऱ्या विम्यात मोठा दर मागणे हे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे ठरते. दराचा वाद खरा होतो तो विमा रक्कम पुरेशी असताना. या मिलची रक्कम १८० असती तर साडेसात टक्क्यांनी ४२.२७ आणि सात टक्क्यांनी ३९.८९ मिळाले असते, आणि अडीच लाखांसाठी भांडण्यात अर्थ होता.

मग कल मांडण्यातही अर्थ नव्हता का, असा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो योग्य होता. कल अजिबात धरला नसता, तर तूट ७८० वजा ३८८, म्हणजे ३९२ आली असती, दर मागील वर्षाचा ७.५ टक्के राहिला असता आणि विमा रक्कम २,१५६ च्या ७.५ टक्क्यांशी, म्हणजे १६१.७० शी ताडली गेली असती. तसा हिशेब केल्यावर देय २९.६९ येते. कलामुळे दोन लाखांचा फायदा झाला खरा, पण ॲव्हरेज नसते तर तूट वाढल्याचा जेवढा फायदा दिसला असता त्याच्या मानाने तो किरकोळ होता, कारण कल वार्षिक उलाढालीलाही वर नेतो. फक्त प्रमाण उलाढाल वाढवावी आणि वार्षिक उलाढाल आहे तशी ठेवावी अशी मालकांची शेवटची विनंती होती. धंदा एकाच वर्षात एकीकडे वाढलेला आणि दुसरीकडे न वाढलेला दाखवणे कोणत्याही सर्वेअरला पटण्यासारखे नव्हते, म्हणून मी ती लिहूनच दिली नाही.

सर्वेअरच्या अहवालात ३१.७२ ची शिफारस झाली. त्यासोबत लेखापरीक्षित पत्रके, चालू वर्षाची महिन्यावार विक्री, काट्याच्या पावत्यांचा गोषवारा, उदगीरच्या मिलची बिले, महावितरणची चार महिन्यांची बिले आणि जूनच्या विक्रीचे पत्रक जोडले गेले. जूनचे पत्रक कालावधी संपल्यानंतरचे असले तरी सर्वांत आधी मागितले गेले, कारण ३१ मे ही तारीख त्याच्यावरच टिकून होती. कंपनीने अहवाल मान्य केला.

पुढच्या नूतनीकरणाला मालक स्वतः रक्कम ठरवायला बसले. पॉलिसीच्या शेवटच्या दिवशीही आग लागू शकते आणि त्यापुढचे महिने हानिपूर्तीचे असतात, म्हणून मागचे वर्ष पाहून चालत नाही, दीड-दोन वर्षांपुढची उलाढाल अंदाजावी लागते. आगीच्या वेळी जुळवलेला ढोबळ नफा १६६ होता. त्यावर १० टक्के वाढ धरून १८३ च्या आसपास आणि आता यादीत घेतलेला घसारा १० मिळवून १९३. अंदाज चुकला तर थोडी जागा राहावी म्हणून रक्कम २०० केली. वर्षअखेर प्रत्यक्ष ढोबळ नफा कमी निघाल्यास लेखापरीक्षकाच्या दाखल्यावर हप्त्याचा काही भाग परत मिळण्याची तरतूद या पॉलिसीत होती, त्यामुळे जास्त रकमेची भीती उरली नाही. सॉर्टेक्स यायलाच तीन महिने लागले होते हे लक्षात घेऊन हानिपूर्तीचा कालावधी सहावरून नऊ महिने केला. काट्याच्या पावत्या आता गोदामाच्या बाजूच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटात असतात.